मदत हवी आहे: मेल आकारानुसार लावायचे कसे? सगळ्यात जड मेल आधी उडवायचे आहेत

कोरा_कागद

जीमेलच्या १५ जीबीपैकी १४.८ भरले आहेत. हिशोब पाहिला तर ड्राइव्ह ३.१, फोटो २.१ आणि एकटा मेल ९.६ जीबी. म्हणजे खरा खादाड मेलच आहे. एकूण मेल ३८ हजारांच्या वर आहेत, एकेक उघडून पाहणं शक्य नाही.

मला हवं ते साधं आहे. संगणकावरच्या फाइली जशा आकारानुसार लावता येतात तशीच मेलची यादी लावायची, वरचे पन्नास-साठ मेल बघायचे आणि नको ते काढायचे. पण ब्राउझरमध्ये आकाराचा स्तंभच दिसत नाही. सगळीकडे टिचक्या मारून झाल्या. मी काही चुकतोय का?

लगीनघाई

काही चुकत नाही. शोधाच्या चौकटीत `larger:10M` टाका, १० एमबीपेक्षा मोठे सगळे मेल येतील आणि सगळ्यात मोठा सगळ्यात वर असेल. सगळे निवडा, डिलीट करा, दोन मिनिटांचं काम. मी दर वर्षी करते.

पारावरचा

माझंही असंच झालं होतं. फोनवर सारखी "जागा संपली" अशी सूचना यायची. मेल ॲपचं कॅशे साफ केलं आणि जवळजवळ दोन जीबी मोकळे झाले. आधी ते करून पाहा.

कोरा_कागद

@पारावरचा, ती फोनमधली जागा. माझी खात्यावरची भरली आहे. कॅशे साफ केल्याने तिकडचा आकडा हलणार नाही.

@लगीनघाई, टाकून पाहिलं. दोनशेच्या वर निकाल आले, पण पहिला मेल गेल्या आठवड्यातला आहे आणि त्याची फाइल जेमतेम ११ एमबीची. आकारानुसार लागलेले वाटत नाहीत.

जुनी_टपालपेटी

नसणारच. `larger:` फक्त चाळणी लावतं, लहान मेल बाजूला काढतं. उरलेले तारखेप्रमाणेच येतात. चाळणीची भोकं बदलत जायची असेल तर `larger:20M`, मग `larger:15M`, मग `larger:10M` असं उतरत या. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. गूगलच्या स्टोरेजच्या पानावरही मोठ्या जोडपत्रांच्या मेलची वेगळी यादी मिळते, मोजकेच मेल काढायचे असतील तर तीही पुरे.

पण @लगीनघाई यांच्या "सगळे निवडा, डिलीट करा"पाशी थांबा. जीमेलमध्ये संभाषण दृश्य चालू असेल, आणि मुद्दाम बंद केलेलं नसेल तर ते चालूच असतं, तर शोधात दिसणारी एक ओळ म्हणजे एक मेल नव्हे, अख्खं संभाषण. त्यात एकच उत्तर २० एमबीचं असेल आणि बाकीची चौदा दोन-दोन केबीची, तरी ओळ उडवली की पंधराही जातात. आधी सेटिंग्जमध्ये General या पानावर Conversation view बंद करा. मग प्रत्येक मेल सुटा दिसेल.

लगीनघाई

बाप रे. तरीच मला एकदा एका जुन्या करारावरची चर्चा कुठेच सापडत नव्हती. तेव्हा वाटलं मीच कधीतरी काढली असेल.

जुनी_टपालपेटी

ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, तोवर परत आणता येते. नंतर नाही.

@कोरा_कागद, तुम्हाला खरोखर आकाराचा स्तंभच हवा असेल तर थंडरबर्ड हा संगणकावरचा मेल प्रोग्रॅम लावा. फुकट आहे. आयमॅपने, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून बघायच्या पद्धतीने, खातं जोडा, पण जोडल्या जोडल्या एक काम करा. खात्याच्या सेटिंग्जमध्ये Synchronization & Storage उघडा आणि मेल या संगणकावर ठेवण्याची खूण काढून टाका. नाहीतर तो तुमचे साडेनऊ जीबी उतरवत बसेल. आकार बघायला मेल उतरवावा लागत नाही. विषय आणि तारीख येते त्याच फेरीत सर्व्हर आकारही सांगतो.

मग डावीकडे All Mail हा फोल्डर उघडा. इनबॉक्स नको. जड मेल बहुतेकदा तुम्ही स्वतः पाठवलेले असतात, आणि All Mail मध्ये पाठवलेले, संग्रहात टाकलेले असे सगळे एका यादीत मिळतात. ट्रॅश आणि स्पॅम तेवढे त्यात नसतात. फोल्डर दिसत नसेल तर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये Labels खाली त्याच्यासमोर Show in IMAP ची खूण आहे का बघा.

यादीच्या शीर्षकपट्टीत अगदी उजव्या टोकाला स्तंभ निवडायचं चिन्ह असतं. तिथून Size चालू करा आणि त्या शीर्षकावर टिचकी मारा. एकदा मारली की लहान वर, पुन्हा मारली की मोठे वर.

कोरा_कागद

वीसेक मिनिटं यादी भरत होती. Size आला, टिचकी मारली, पण काहीतरी विचित्र आहे. वर २३ एमबीचे आहेत, मध्येच एक ४ केबीचा, त्याखाली पुन्हा २१.

जुनी_टपालपेटी

४ केबीवाल्याच्या डावीकडे छोटा बाण आहे का? असेल तर उत्तरं मूळ मेलखाली गुंफलेली आहेत. View मधल्या Sort By मध्ये Unthreaded निवडा. गुंफण ठेवली तर जड उत्तर हलक्या मूळ मेलखाली लपतं आणि यादी फसवी होते.

कोरा_कागद

आता बरोबर लागली! आणि एक शोध लागला. वरच्या ७० पैकी ३१ माझ्याच Sent मधले आहेत. एकाच स्कॅनची पीडीएफ मी तीन जणांना तीन वेगवेगळ्या मेलनी पाठवली होती, तिन्ही वेळा २३ एमबी. वर एकाने ती उत्तरासोबत परत जोडून पाठवली! एका फाइलचे चार धनी, म्हणजे ९२ एमबी.

एक शंका. ती पीडीएफ माझ्या संगणकावर १७ एमबीची आहे, इथे २३ का दिसतेय?

जुनी_टपालपेटी

मेलमधून फाइल जशीच्या तशी जात नाही. बेस-६४ पद्धतीत ती साध्या अक्षरांत रूपांतरित होते, दर ३ बाइटांमागे ४ अक्षरं. ओळी तोडण्याची भर धरली तर साधारण सदतीस टक्के फुगते. १७ ला १.३७ ने गुणा, २३ येतील. म्हणूनच २५ एमबीच्या मर्यादेत प्रत्यक्षात अठराच्या आसपासचीच फाइल जाते.

कोरा_कागद

७० मेल निवडले आणि डिलीट दाबलं. बेरीज १.५ जीबी होती. पण ओळी गेल्याच नाहीत, नुसती मधून आडवी रेघ आली. ब्राउझरमध्ये मेल जागेवरच आहेत, आकडा तसाच १४.८. सकाळपासून तीनदा पाहिला.

पारावरचा

आकडा बदलायला वेळ लागतो. उद्या बघा.

जुनी_टपालपेटी

वेळ लागतो हे खरं, पण इथे कारण वेगळं आहे. रेघ म्हणजे मेलवर "काढायचा" अशी खूण झाली, मेल हलला नाही. Server Settings मध्ये मेल काढताना काय करायचं हे विचारलेलं असतं. तुमच्याकडे Just mark it as deleted निवडलेलं दिसतंय.

त्याच स्थितीत Compact करून रेघवाले मेल पुसले तरी उपयोग नाही. जीमेलमध्ये फोल्डर हे खरे फोल्डर नसतात, चिठ्ठ्या असतात. मूळच्या सेटिंगनुसार आयमॅपमधून असा पुसलेला मेल कचऱ्यात न जाता संग्रहात जातो. चिठ्ठी निघते, मेल राहतो, जागाही तेवढीच अडते.

रेघवाले मेल निवडून खूण मागे घ्या. सेटिंग बदलून Move it to this folder करा आणि फोल्डर जीमेलचाच Trash निवडा. काही खात्यांत त्याचं नाव Bin असतं. Local Folders मधला Trash निवडू नका. मग पुन्हा डिलीट करा.

कोरा_कागद

झालं. ब्राउझरच्या ट्रॅशमध्ये ७० आले. रिकामा करण्याआधी एकदा नजर फिरवली हे बरं झालं, कारण त्यात माझ्या जुन्या घराची कागदपत्रं होती आणि ती दुसरीकडे कुठेच नव्हती. ती परत काढली, फाइल उतरवून घेतली, मग रिकामा केला. तासाभराने मेल ८.१ जीबी, एकूण १३.३.

शेवटची_बस

मेल का उडवायचा म्हणते मी! थंडरबर्डमध्ये जोडपत्रावर उजवी टिचकी मारून नुसतं जोडपत्र काढता येतं. मजकूर राहतो, जागा सुटते.

जुनी_टपालपेटी

येतं, पण आयमॅपवर मेल जागच्या जागी बदलता येत नाही. थंडरबर्ड जोडपत्राशिवायची नवी प्रत चढवतो आणि जुनी काढतो. वर सांगितलेली सेटिंग चुकीची असेल तर जुनी All Mail मध्ये तशीच राहते आणि जागा सुटायच्या ऐवजी थोडी वाढते. मी स्वतः हे टाळतो. महत्त्वाच्या मेलला हात लावायचा नाही, बिनमहत्त्वाचा पूर्ण काढायचा.

शेवटची_बस

मी पाच वर्षं करतेय, काही बिघडलं नाही. करून झाल्यावर विषयाने शोधून दोन प्रती उरल्या का बघायचं, बस.

ओसरी

थोडं विषयांतर. कामाच्या ठिकाणी आउटलुक आहे, तिथे आकारानुसार लावलं की Enormous, Huge असे गट आपोआप पडतात. छान वाटलं, पण प्रत्येक फोल्डरमध्ये जाऊन वेगळं बघावं लागतं आणि माझे फोल्डर चाळीस आहेत.

जुनी_टपालपेटी

New Search Folder मध्ये Large mail नावाचा प्रकार आहे, तो सगळे फोल्डर एकत्र दाखवतो. आकार केबीत विचारतो, म्हणून १० एमबीसाठी १०००० टाका. शंभरच ठेवलंत तर निम्मी पेटी समोर येईल.

ओसरी

केलं. पण फक्त गेल्या वर्षभरातले मेल आले. जुने, खरे जाडजूड कुठे गेले?

जुनी_टपालपेटी

खात्याच्या सेटिंगमध्ये किती काळाचे मेल संगणकावर ठेवायचे याची सरकपट्टी असते. ती एका वर्षावर असेल. सर्च फोल्डर संगणकावर असलेलेच मेल बघतो. पट्टी All पर्यंत ओढा, सगळं उतरू द्या, मग परत बघा.

ओसरी

पट्टी करडी आहे, सरकत नाही. आयटीवाल्यांनी कुलूप लावलं असणार. ब्राउझरमधल्या आउटलुकमधून जमेल का?

कोरा_कागद

@ओसरी, माझ्या धाग्यात तुमचं स्वागत :) मी आता १० ते १५ एमबीच्या पट्ट्यात उतरलोय, आणि इथेही तीच पीडीएफ भेटली. पाचवी प्रत, या वेळी झिप करून.