मदत हवी आहे: बाळाच्या कार्डात केसांभोवती हिरवी कड येते

गिरणाकाठ: भाचीच्या जन्माचं कार्ड करतोय. मागे केळीच्या बागेचं आणि सातपुड्याचं रंगवलेलं चित्र, पुढे बाळाचा फोटो. कापून ठेवला की बाळ चिकटवल्यासारखं दिसतं आणि केसांना हिरवी कड येते. घाई आहे, उद्या प्रेसला द्यायचंय. उपाय सांगा.

तापीतीर: भाऊ, फोटो कशावर ठेवून काढलाय? कोणतं सॉफ्टवेअर? आकार किती?

गिरणाकाठ: दवाखान्यातल्या हिरव्या कापडावर. गिंप 2.10. कार्ड 5 बाय 7 इंच. फोटो घरच्या ग्रुपवरून घेतलाय.

छपाईवाला: आधी मूळ फोटो मागवा. 5 बाय 7 ला 300 डीपीआयने 1500 बाय 2100 पिक्सेल लागतात आणि ग्रुपवरचा फोटो दाबून आलेला असतो. केसांपाशी जे चौकोनी डाग दिसतात ते त्या दाबण्याचे, ते मास्कने जात नाहीत. ज्याने काढला त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

तापीतीर: हिरवी कड ही कापताना राहिलेली नाही, कापडाचा रंग केसांच्या टोकांवर आणि गालाच्या कडेवर उतरलाय. म्हणून कितीही बारीक कापलं तरी ती राहणार. बाळाची निवड `Select > Shrink` ने 1 पिक्सेल आत घ्या, `Feather` 1 किंवा 2 ठेवा आणि तिचा लेयर मास्क करा. त्याहून जास्त आत घेतलं तर जावळ जातं आणि डोकं टोपी घातल्यासारखं गुळगुळीत दिसतं. मग फक्त कडेचा पट्टा निवडून `Colors > Hue-Saturation` मध्ये हिरवा निवडा आणि Saturation कमी करा. पूर्ण चित्रावर करू नका, झबलं हिरवट असेल तर तेही राखाडी होईल.

चिकटवल्यासारखं दिसण्याचं कारण वेगळं. फोटोत उजेड कुठून येतो आणि चित्रात सूर्य कुठे आहे ते बघा. उलटसुलट असेल तर चित्र आडवं पलटा, बाळ नको, तीळ किंवा जन्मखूण दुसऱ्या बाजूला जाईल. बाळाखाली सावलीही द्या, अंग टेकतं तिथे गडद आणि लांब जाताना फिकी.

केळीबाग_रावेर: पत्रिकेत राशी आणि नक्षत्र वर टाका, खाली बारशाचं ठिकाण. पाचवीची तारीख लिहिली का?

जळगावची_लेक: त्यांनी तसं विचारलंच नाहीये. पण कार्डावर लिहिलंय काय ते सांगा.

गिरणाकाठ: बाळाचं नाव, आईवडिलांची पूर्ण नावं, जन्मतारीख, वेळ, दवाखाना. हातावर पट्टी होती, ती मोबाईलवर ब्रशने काळी केलीय.

जळगावची_लेक: हे सगळं एका कागदावर म्हणजे जन्मदाखल्याचा अर्धा अर्ज भरून वाटणं झालं. वेळ आणि दवाखाना काढा, तारखेऐवजी महिना लिहा. आणि मोबाईलचे कितीतरी ब्रश अर्धपारदर्शक असतात. उजेड वाढवला की खालची नोंदणी संख्या वाचता येते, तुमच्या फोटोवर करून बघा.

गिरणाकाठ: बघितलं. आईचं नाव वाचता येतंय.

तापीतीर: मग दोन्ही कामं एकाच पानाने करा. चित्रातलं एक केळीचं पान वेगळ्या लेयरवर घेऊन बाळाच्या पुढे ठेवा. ते हात झाकेल आणि कापलेली खालची कडही लपवेल. पुढे चित्र, मध्ये बाळ, मागे चित्र, असं झालं की बाळ बागेतच निजलेलं वाटतं. प्रेसला जेपीईजीच द्या. `.xcf` दिली तर पान बाजूला केल्यावर पट्टी जशीच्या तशी दिसेल.

धुळेकर_७: ग्रुपवर पाठवलं की फोटोतली ठिकाणाची माहिती आपोआप निघते, काळजी नको.

जळगावची_लेक: साधा फोटो म्हणून पाठवला तर निघते. पण वर छपाईवाल्यांनी सांगितलं तसं डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर सगळं तसंच जातं, आणि प्रेसला तुम्ही डॉक्युमेंटच पाठवणार. मोबाईलचं लोकेशन चालू असेल तर घर किंवा दवाखाना नकाशावर सापडतो. गिंपमधून `Export As` करताना `Save Exif data` आणि `Save XMP data` वरची खूण काढा. मग तीच फाईल परत उघडून `Image > Metadata > View Metadata` मध्ये जीपीएसच्या ओळी नाहीत ना ते बघा.

छपाईवाला: केळीच्या पानाचा झगझगीत हिरवा छापल्यावर मळका येतो. एक नमुना काढल्याशिवाय पूर्ण गठ्ठा छापू नका.

धुळेकर_७: एवढं करण्यापेक्षा चेहरा न दाखवता नुसती पावलं घ्यावीत. जावळाचा प्रश्नच मिटतो.

तापीतीर: पावलांना कापायला सोपं, हे मान्य. पण आजीला कार्डात तोंड बघायचं असतं. छापील कार्डात चेहरा आणि स्टेटसला पावलं, असं करता येईल.

जळगावची_लेक: छापील कार्डाचाही कुणीतरी फोटो काढून स्टेटसला टाकतोच. म्हणून मजकूर आधी कमी करा, चेहऱ्याचं बाळाच्या आईला विचारा.

गिरणाकाठ: पान हातावर बसलं, कडही गेली. सावली मात्र निळसर दिसतेय, ती कशाने?

तापीतीर: सावलीचा काळा रंग बदला, चित्रातल्या मातीचाच गडद तपकिरी घ्या. लेयरचा मोड `Multiply` आहे ना?