सेव्ह केलेली पोस्ट समोरच्याला दिसते का? (आपला दांडिया बाजार महिला ग्रुप)

सुनंदा काकू: मुलींनो इन्स्टावर वैशालीच्या पेजवरच्या बऱ्याच चणिया-चोळ्या मी सेव्ह करून ठेवल्यात, नातीसाठी निवडायला. आता तिला नावासकट कळत असेल का? उगाच ती ऑर्डर धरून बसायची

मेघना: नाही काकू, सेव्हचं नोटिफिकेशन जातच नाही. लाईक केलं, कमेंट केली तर नाव दिसतं, सेव्हचं नाही. सेव्ह काढून टाकलं तरी कळत नाही

वैशाली: काकू मीच सांगते ना, माझं अकाउंट प्रोफेशनल आहे म्हणून मला पोस्टखाली View insights दिसतं, त्यात सेव्ह किती झाले तो आकडा येतो. कालच्या बांधणीच्या चोळीला ३८ सेव्ह आहेत पण त्यात कोण कोण ते मला काही करून बघता येत नाही. साधं पर्सनल अकाउंट असेल त्याला तर आकडाही नाही दिसत. आणि मी सेव्हवरून ऑर्डर कधीच धरत नाही हो, मापं आली की मगच कापड कापते. आकड्याचा उपयोग एवढाच, की लाईक कमी आणि सेव्ह जास्त असले तर समजतं बायका ते डिझाईन शिवून घ्यायच्या विचारात आहेत, मग त्याचं कापड जास्त आणते

सुनंदा काकू: हुश्श. पण सगळं एकात एक झालंय, त्यातच रेसिप्या त्यातच चोळ्या, सापडत नाही काही

मेघना: कलेक्शन करा. पोस्टखालची ती बुकमार्कची खूण दाबून धरायची, नवीन कलेक्शन येतं, नाव द्या ‘नवरात्र’. नंतर प्रोफाईलवर वरच्या तीन रेघा, तिथे Saved. कलेक्शन नंतर डिलीट केलं तरी पोस्टी सेव्हच राहतात, फक्त तो कप्पा जातो. हे सगळं तुम्हालाच दिसतं. एकच लक्षात ठेवा, कलेक्शन करताना कोणाबरोबर शेअर केलं तर त्या सगळ्यांना आतलं दिसतं, कोणी काय टाकलं तेही. तेवढं बघून करा

रेखा वहिनी: माझ्या मागच्या वर्षीच्या सेव्ह केलेल्या चोळ्या गायबच झाल्या गं, मला वाटलं फोन बिघडला

वैशाली: वहिनी फोन ठीक आहे. नवरात्र संपली की मी जुन्या पोस्ट अर्काईव्ह करते, त्या तुमच्या सेव्हमधूनही जातात. डिलीट केल्या तरी तेच. सेव्ह म्हणजे फोटो तुमच्या फोनमध्ये आला असं नाही, मूळ पोस्ट माझ्याकडेच असते, तुमच्याकडे नुसती तिची खूण. माझं अकाउंट प्रायव्हेट केलं आणि तुम्ही फॉलो करत नसाल तरी दिसणार नाही. म्हणून जे शिवायचं नक्की आहे त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्याचंही मला काही कळत नाही

सुनंदा काकू: मग आत्ताच काढते. आणि ती बांधणीची हिरव्या काठाची, नातीचं माप रविवारी घेशील का?

वैशाली: घेते काकू, ४ नंतर या, तिची एखादी जुनी चोळी पण आणा