आयोजकांनी वेळ कापली, तर भाषणाचा शेवट कसा लिहून ठेवावा?

पारोळ्याची शिक्षिका
२४ डिसेंबरला साने गुरुजींच्या जयंतीला अमळनेरजवळच्या एका गावात बोलायला बोलावलं होतं. बारा मिनिटं दिली होती. सातव्या मिनिटाला चिठ्ठी आली, 'दोन मिनिटांत आटपा'. माझा शेवट पंढरपूरच्या उपोषणावर उभा होता आणि उपोषणापर्यंत मी पोचलेच नव्हते. 'म्हणूनच गुरुजींनी अन्न सोडलं' असं वाक्य आलं, तेव्हा लोक एकमेकांकडे बघायला लागले. असं होऊ नये म्हणून शेवट कसा लिहायचा?

तापीकाठ
ताई, तुमचा शेवट भाषणाच्या मधल्या भागावर टेकला होता, आणि कात्री तर नेहमी मध्यावरच चालते. सुरुवातीचं मिनिट तेवढं नक्की बोलून झालेलं असतं. म्हणून शेवटाने फक्त सुरुवातीशी नातं ठेवावं. 'म्हणूनच', 'वर सांगितल्याप्रमाणे', 'या तिन्ही प्रसंगांतून' हे शब्द शेवटच्या परिच्छेदात दिसले की खोडा.

मी शेवटचं वाक्य सगळ्यात आधी लिहितो, मग त्याच्या मागे एकेक वाक्य जोडत जातो. वेळ कमी पडली की पुढून वाक्य गळतं, शेवटचं राहतं. तुमच्या विषयावर असं होईल:

'१९४७च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी उपोषण केलं. त्याच्या कितीतरी आधी हेच गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांचे कपडे धूत होते. आपल्याकडे उपोषणाचं बळ नसेल, पण शेजारच्या पोराचा सदरा धुवायला हात आहेत.'

पूर्ण म्हटलं तर अर्धं मिनिट. घाई असेल तर नुसतं तिसरं वाक्य.

निवृत्त मास्तर, धुळे
मला हे पटत नाही. शेवट हा भाषणाचा कळस, त्याला कात्री कशाला लावायची? शेवट घट्ट पाठ असावा, शब्दही हलू नये. कापायचं ते मधलं. मी वक्तृत्व स्पर्धेला मुलं तयार करत आलो. इशारा घंटा झाली की दोन उदाहरणं सोडून थेट शेवटावर यायचं, हेच शिकवलं.

तापीकाठ
मास्तर, स्पर्धेत ते चालतं, कारण इशारा घंटा आणि शेवटची घंटा यांच्यात किती वेळ आहे ते मुलाला आधीच माहीत असतं. जयंतीला तसं नसतं. आमदारांची गाडी वेशीवर आली की थेट माइककडे हात येतो. आणि मधली उदाहरणं सोडल्यावर शेवट त्यांच्याच नावाने बोलत असेल, तर पाठ असून काय उपयोग? ताईंचं नेमकं हेच झालं.

सावद्याचा केळीवाला
आमच्याकडे आभारप्रदर्शन माझ्याकडे असतं. नावं इतकी की दहा मिनिटं जातात, खुर्च्या रिकाम्या होतात. ते कसं कमी करावं?

तापीकाठ
भाऊ, तो वेगळा विषय. पण एक धागा जुळतो: शेवटी पुन्हा 'व्यासपीठावरील सर्व मान्यवर' करत बसू नये. चिठ्ठी आल्यावर हातात असलेलं अर्धं मिनिट त्यातच संपतं.

बोलकी, नंदुरबार
तापीकाठ, तुमच्याच नमुन्यात चूक आहे. तिसरं वाक्य एकटं म्हणून बघा. 'उपोषणाचं बळ नसेल' म्हटल्यावर ऐकणारा विचारणार, कुठलं उपोषण? ते वाक्य पहिल्यावर टेकलंय. मी माझ्या बहिणीला फोन करून फक्त शेवटचं वाक्य ऐकवते. 'हे कशाबद्दल?' असं तिनं विचारलं की ते वाक्य नापास.

तापीकाठ
बरोबर पकडलंत, ती माझी चूक. मग असं करू: 'मुलांचे कपडे धुणाऱ्या मास्तरांची आज जयंती आहे, घरी जाऊन कुणाचं तरी एक काम न सांगता करा.' कपड्यांचा प्रसंग ताईंनी सुरुवातीच्या मिनिटातच सांगून ठेवायचा. तसा नाही सांगितला, तरी हे वाक्य उभं राहतं.

निवृत्त मास्तर, धुळे
वाक्य चांगलं आहे. तरी एका वाक्यात उतरलं की भाषण तुटल्यासारखं वाटतं. श्रोत्याला दम घ्यायला जागा हवी.

बोलकी, नंदुरबार
जागा थांबून देता येते, मास्तर. चिठ्ठी वाचल्यावर लगेच वेग वाढवला की सगळं बिघडतं. चिठ्ठी पालथी ठेवायची, चालू वाक्य पुरं करायचं, दोन श्वास गप्प राहायचं आणि मग ते एक वाक्य सावकाश म्हणायचं.

पारोळ्याची शिक्षिका
कपड्यांचा प्रसंग मी आठव्या मिनिटाला ठेवला होता, तो आता वर घेते. पण पंढरपूर पूर्ण गाळायला मन तयार होत नाही. तेवढ्यासाठीच तर मी गेले होते.

निवृत्त मास्तर, धुळे
मग सुरुवातच पंढरपुरापासून करा. कपडे मागाहून येऊ द्या.