जर्मनी सोडताना इंटरनेटचा दोन वर्षांचा करार: उरलेले हप्ते कोणी भरायचे?

इसारकाठ
दोन वर्षांचा करार आपण डोळे उघडे ठेवून करतो, त्यासाठी महिन्याला सूटही घेतो. मग दुसऱ्या देशात नोकरी लागली की उरलेले हप्ते भरताना एवढी कुरकुर का? सही केली तर पैसे भरा. कंपनीने काय तुमच्या बढतीचा खर्च उचलायचा?

नेकरकर
दोन दिवस गप्प बसलो, पण हा सल्ला वाचून कुणी खरंच पैसे भरेल म्हणून लिहितो. मी स्वतः भरणार होतो.

माझा करार मार्च 2024 मध्ये सुरू झाला, महिना 40 युरो, 24 महिने. सप्टेंबरात नेदरलँड्समधल्या आइंडहोवनची नोकरी पक्की झाली आणि 31 ऑक्टोबरला स्टुटगार्टचं घर सोडायचं ठरलं. फोनवरची बाई अगदी गोड बोलत होती. दंड वगैरे काही नाही म्हणाली, करार फेब्रुवारी 2026 पर्यंत चालू राहील एवढंच. म्हणजे बंद घराचे 16 हप्ते, 640 युरो. इथे दंड असाच येतो, दंड हा शब्द न वापरता.

शेजारच्या आजोबांनी टीकेजीचं, म्हणजे इथल्या दूरसंचार कायद्याचं, कलम 60 दाखवलं. घर बदललं आणि नव्या पत्त्यावर कंपनी ती सेवा देत नसेल, तर एक महिन्याची नोटीस देऊन ग्राहक बाहेर पडू शकतो, अगदी घर सोडण्याच्या तारखेपासून. नवा पत्ता जर्मनीतच हवा असं त्यात कुठेही नाही.

28 सप्टेंबरला पत्र पाठवलं, रजिस्टर पोस्टाने आणि मेलनेही. उत्तर आलं की आब्मेल्डुंगचा, म्हणजे इथला पत्ता सोडल्याच्या सरकारी नोंदीचा, कागद जोडा, नाहीतर अर्ज विचारात घेणार नाही. आता गंमत बघा. ही नोंद करणारं ब्युर्गरआम्ट घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी आब्मेल्डुंग करून देतं, आणि नोटीस तर महिनाभर आधी द्यायची. कागदाची वाट पाहत बसलो असतो तर नोटीस ऑक्टोबरअखेर गेली असती आणि नोव्हेंबरचा हप्ताही गेला असता. बरेच जण इथेच अडकतात. मी उलट लिहिलं की नोटीस आजच्या तारखेची धरा, कागद मागाहून येईल. सोबत घरमालकाला दिलेली नोटीस आणि नोकरीचं पत्र जोडलं. 25 ऑक्टोबरला कागद हातात आला, त्याच दुपारी पाठवला. करार 31 ऑक्टोबरला संपला. 640 मधला एक युरोही दिला नाही.

इसारकाठ
म्हणजे कायद्यात पळवाट सापडली, एवढंच. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बीजीएचने, नेमकं हेच म्हटलं होतं की स्वस्त दराच्या बदल्यात तुम्ही दोन वर्षं बांधून घेता, तेव्हा घर बदलण्याची जोखीम तुमची. आणि नोटीस तीन महिन्यांची असते, एका नाही.

नेकरकर
निकालाचं तुमचं बरोबर आहे. पण त्या निकालामुळेच 2012 मध्ये संसदेने कायदा बदलला आणि ग्राहकाला हा हक्क दिला. तीन महिने हा त्या वेळचा नियम. 1 डिसेंबर 2021 पासून एक महिना आहे. ज्या कायद्याखाली कंपनी दर ठरवते, त्यातच ही सुटका लिहिलेली आहे. तिला पळवाट कशी म्हणता?

खानदेशी_फ्रँकफुर्टात
एवढी पत्रं कशाला? मी 2019 ला पुण्याला परतलो तेव्हा बँकेतला डेबिट बंद केला आणि विमानात बसलो. धुळ्यापर्यंत कोण येतंय वसुलीला?

मीनाताई_माइन्झ
भाऊ, असले सल्ले कृपा करून देऊ नका. माझ्या भाच्याने हेच केलं होतं. आधी दोन स्मरणपत्रं त्याच्या जुन्या पत्त्यावर गेली, मग इंकासो, म्हणजे वसुली कंपनी. तीन वर्षांनी तो ब्लू कार्डवर परत आला तर शुफात, म्हणजे उधारीची पत नोंदवणाऱ्या संस्थेत, नोंद पडलेली. घरमालकांनी लागोपाठ नकार दिले, चार महिने माझ्या बैठकीच्या खोलीत झोपला. मूळ रकमेवर वसुलीचा खर्च चढला तो वेगळाच.

खानदेशी_फ्रँकफुर्टात
मला परत जायचंच नाही, तर शुफा काय करणार? तुमच्या भाच्याची चूक माझ्या माथी का मारता?

इसारकाठ
आणि मग इथली घरमालकीण म्हणते की मागचा भारतीय भाडेकरू बिलं बुडवून गेला. मी स्वतः ऐकलंय हे, घर पाहायला गेलो होतो तेव्हा, तिच्या स्वयंपाकघरात उभा राहून. तुमच्यामागून येणाऱ्या पोरांनी ते ऐकायचं?

खानदेशी_फ्रँकफुर्टात
माणूस बघून घर नाकारणाऱ्या बाईचा राग माझ्यावर काढू नका.

नेकरकर
दोघांनाही सांगतो, हक्क आहे म्हणून तर पळायची गरज नाही. डेबिट करार संपायच्या आधी बंद करू नका, त्याने तुमचीच बाजू लंगडी पडते. संपल्यानंतरही पैसे कापले, तर आठ आठवड्यांच्या आत बँकेला सांगून परत घेता येतात. कंपनी अडूनच बसली तर बुंडेसनेत्झआगेंटुर या दूरसंचार नियामकाकडे तंट्याचा अर्ज करता येतो. ग्राहकाला फुकट आहे, पण कंपनीवर त्यात भाग घ्यायची सक्ती नाही. आणि राउटर परत केल्याची पोस्टाची पावती जपा. मला जानेवारीत राउटरचं बिल आलं होतं. पावतीचा फोटो पाठवल्यावर मागे घेतलं.

दुबईवाली
माझ्याकडून दुबईत एका महिन्याचं भाडं घेऊन मोकळं केलं. तुम्ही पोस्टात कशाला जाता, दुकानात जाऊन सांगा ना?

मीनाताई_माइन्झ
अगं, इथे दुकानातला मुलगा "हो हो" म्हणतो आणि नोंद कुठेच नसते. लेखीच हवं.

इसारकाठ
बरं, घरच्या लाइनपुरतं मान्य करतो, कायदा तुमच्या बाजूने आहे. पण मोबाइलचं काय? तिथेही हेच कलम दाखवून लोक सुटू पाहतात, आणि हातात करारावर घेतलेला हजार युरोंचा फोन असतो.

नेकरकर
मोबाइलवर तुमच्याशी भांडणार नाही. कलमाचे शब्द घरच्या लाइनपुरते नाहीत, म्हणून मागून बघावं असं माझं मत. पण मोबाइलला ते लागू पडतं का यावर वाद आहे, आणि कंपन्या सहसा नाहीच म्हणतात. माझं सिमही त्यांनी सोडलं नाही. सात महिने 15 युरो भरत राहिलो. फोनचे हप्ते तर द्यायलाच हवेत, ती वस्तू तुमच्या खिशात आहे.

इसारकाठ
तेवढं तरी मानलंत. माझं मूळ म्हणणं अजून तेच आहे. वर्षभरात जायची शक्यता दिसत असेल तर 24 महिन्यांवर सही करू नये. बारा महिन्यांचा करार देणं कंपनीला बंधनकारक आहे, महाग पडला तरी तो घ्यावा.

नेकरकर
मार्च 2024 मध्ये मला ऑक्टोबर दिसत नव्हता हो. आमचा विभागच बंद झाला.

बाडेनची_वैदेही
माझं थोडं वेगळं आहे. नवरा झुरिकला चाललाय, मी आणि मुलगी शाळा संपेपर्यंत याच घरात. करार त्याच्या नावावर, आब्मेल्डुंग फक्त त्याची. घरात वायफाय चालूच राहणार, मग तो सुटू शकतो का?

नेकरकर
कायद्यात करार करणाऱ्याचं राहतं घर बदललं की झालं, असं मला वाटतं. पण तुम्ही तिथेच आहात म्हटल्यावर कंपनी अडवेल. लाइन तुम्हाला हवीच आहे, तर आधी करार तुमच्या नावावर करून मागा, त्याला त्यांची सहसा हरकत नसते.

बाडेनची_वैदेही
तेच तर. नाव बदललं की नवे 24 महिने सुरू, असं सांगताहेत. मुलीची शाळा 11 महिन्यांत संपते.