अनुभव धागा: कामावर येता-जाता किंवा ऑफिसच्या कार्यक्रमात अपघात झाला, भरपाई मिळाली का?

चाकणकर
मशीनमध्ये बोट गेलं तर भरपाई लागते, हे आमच्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. वाद पेटतो तो गेटबाहेर. ड्युटीला येताना गाडी घसरली, पिकनिकला पाय मोडला, असं तुमच्या किंवा घरच्यांच्या बाबतीत झालं असेल तर लिहा. काय मिळालं, कोणत्या कागदामुळे मिळालं, कुठे अडलं. कंपनीचं नाव नको.

सेकंड शिफ्ट
माझं ईएसआयमधून, म्हणजे सरकारी कामगार विम्यातून झालं. रात्री सुटल्यावर बाइकवरून घरी येताना टेम्पोनं उडवलं, नडगीचं हाड मोडलं. एचआरचं पहिलं वाक्य, "गेटबाहेरचं आमच्याकडे येत नाही." अपघाताचा फॉर्म भरायलाच तयार नव्हते, साधं आजारपण दाखवा म्हणाले. तसं दाखवलं असतं तर पगाराच्या 70 टक्के मिळाले असते, कामावरच्या अपघाताचे 90 टक्के मिळतात. युनियनच्या साहेबांनी पंचिंगची वेळ आणि पोलिसांच्या कागदावरची वेळ शेजारी शेजारी ठेवली. मध्ये वीसेक मिनिटं, आणि जागा माझ्या रोजच्या रस्त्यावर. मग फॉर्म गेला. रुजू होईपर्यंत पैसे येत राहिले, उशिरा का होईना.

डेपोतला
तुमचं नशीब. कायद्यानं कंपनीची बस असेल तरच मिळतं. बेस्टच्या ड्रायव्हरची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, 1963 साली. ड्युटी संपवून बेस्टच्याच बसनं घरी जाताना गेला बिचारा, म्हणून बायकोला मिळाले. स्वतःच्या गाडीवर असता तर काही नाही.

निवृत्त कारकून
डेपोतले, केस बरोबर सांगितलीत, निष्कर्ष जुना झाला. ईएसआयच्या कायद्यात 2010 साली कलम घातलं: घरून कामावर किंवा कामावरून घरी जातानाचा अपघात नोकरीतलाच धरायचा, फक्त वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. सेकंड शिफ्ट यांच्या साहेबांनी नेमकं तेच दाखवलं.

अडचण होती ईएसआयबाहेरच्यांची. त्यांना 1923 चा भरपाई कायदा, आणि त्यात असं कलम नव्हतं. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या वॉचमनची केस बघा. ड्युटी पहाटे 3 ते सकाळी 11. 22 एप्रिल 2003 रोजी मोटरसायकलवरून कामावर निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. खालच्या कोर्टानं घरच्यांना 3,26,140 रुपये आणि 12 टक्के व्याज दिलं. विमा कंपनी अपिलात गेली, 2011 मध्ये हायकोर्टानं निकाल फिरवला. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो परत उभा केला. म्हणणं असं, की दोन्ही कायद्यांतले शब्द तेच आहेत, मग ईएसआयमधला खुलासा इथेही लागू. पहाटे तीनला पोचायचं म्हणून माणूस त्या वेळी त्या रस्त्यावर होता, एवढं पुरलं. बावीस वर्षं गेली, ते वेगळंच. या दोन्ही कायद्यांच्या जागी नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तर येण्याजाण्याचा अपघात थेट लिहिलाच आहे.

पेणची सून
म्हणजे टेम्पोच्या विम्याकडूनही घ्यायचे आणि कंपनीकडूनही? आमच्या दिरांचं अडकलंय, ते ईएसआयमध्ये नाहीत.

निवृत्त कारकून
नाही ताई. अपघात त्या संहितेच्या आधीचा असेल तर 1923 च्या कायद्याखाली मागायचं किंवा मोटार अपघात न्यायाधिकरणात, दोन्हीकडे नाही. समोरच्याची चूक स्पष्ट असेल आणि पगार मोठा असेल तर न्यायाधिकरणात रक्कम जास्त निघू शकते, कारण 1923 च्या कायद्यात पगार कितीही असो, हिशोब महिना 15,000 वर थांबतो. पस्तिशीचा माणूस गेला तर निम्मा पगार, म्हणजे 7,500, गुणिले त्या वयाचा आकडा 197.06. झाले 14,77,950. चूक स्वतःची असेल तर मात्र हाच रस्ता बरा, इथे चूक कोणाची हे सहसा बघत नाहीत.

लॅपटॉप घरीच
वर्क फ्रॉम होमला जिन्यावरून पडले, मग घर ते घर प्रवास धरतील का? गंभीरपणे विचारतेय.

ऑल राउंडर
त्याचं माहीत नाही, माझं क्रिकेटचं आहे. शनिवारी ऑफिसची टूर्नामेंट, 2024 साली. धाव घेताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन मेडिक्लेममधून झालं, पण गुडघा पूर्ण वाकत नाही. दावा टाकलाय. विमा कंपनी म्हणते, खेळणं ऐच्छिक होतं. माझ्याकडे मॅनेजरचा मेल आहे, "सर्वांची उपस्थिती अपेक्षित". अपेक्षित म्हणजे सक्ती का, यावर तारखा पडतायत.

डेपोतला
आणि संध्याकाळी घेतलेली असेल तर संपलंच!

निवृत्त कारकून
डेपोतले, दारूचा बचाव मालकाला आहे, पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तो चालत नाही. ऑल राउंडर, मेलपेक्षा त्या शनिवारचा मस्टर बघा. हजेरी लागली असेल, बदली सुट्टी दिली असेल, तर मुद्दा बराच मजबूत होतो. तरी खेळाच्या बाबतीत निकाल दोन्ही बाजूंनी जाऊ शकतो, मी छातीठोक सांगणार नाही.

ऑल राउंडर
मस्टर मागितला नव्हता. बदली सुट्टी मिळाली होती, एवढं आठवतंय. उद्या वकिलांना सांगतो.