इंग्रजीतला स्वरानंतरचा ‘र’: लंडनने गमावला की अमेरिकेने जपला?

मंदार: लंडनचा माणूस ‘कार’ला ‘काऽ’ आणि ‘हार्ड’ला ‘हाऽड’ म्हणतो, तर अमेरिकेतला माणूस र स्वच्छ उच्चारतो. शब्दात अक्षर असताना ते न उच्चारणे हा माझ्या मते निव्वळ उच्चाराचा आळस आहे, आणि म्हणून अमेरिकन इंग्रजी हेच जुने व शुद्ध मानले पाहिजे. तुमचे मत काय?

प्राजक्ता: तुमचे निरीक्षण मान्य आहे, आळसाचा निष्कर्ष नाही. माझ्या वाचनाप्रमाणे र गाळणे ही इंग्लंडच्या उच्चभ्रू वर्गाने मुद्दाम पाडलेली प्रथा होती. सामान्यांपेक्षा आपण वेगळे दिसावे म्हणून त्यांनी ती उचलली, पुढे शाळांतून ती देशभर पसरली आणि ज्या अमेरिकन बंदरांचा लंडनशी व्यापार होता तिथेही पोहोचली. बॉस्टन आणि न्यूयॉर्क इथल्या जुन्या बोलीत र नसण्याचे कारण हेच आहे. त्यामुळे याला आळस म्हणता येणार नाही. तो दिमाख होता.

अनघा (ब्रिस्टल): मला या चर्चेचा पायाच पटत नाही. मी नऊ वर्षे ब्रिस्टलमध्ये परिचारिका आहे. माझ्या वॉर्डात येणारे वयस्कर स्थानिक रुग्ण ‘फार्म’, ‘वर्क’, ‘वॉटर’ या शब्दांतला र इतका ठळक उच्चारतात की सुरुवातीला मला ते अमेरिकनच वाटले होते. मग ब्रिटिशांनी र गमावला असे सरसकट कसे म्हणता येईल?

वासुदेव: अनघाताईंचे निरीक्षण अगदी अचूक आहे आणि ‘ब्रिटिशांनी र गमावला’ हे सरसकट विधान त्यामुळे मोडते. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये र कधी गेलाच नाही. इंग्लंडच्या ग्रामीण बोलींची जी मोठी पाहणी 1950 च्या दशकात झाली, तीत नैर्ऋत्य इंग्लंड आणि लँकशरचा काही भाग इथे स्वरानंतरचा र चांगला टिकून असल्याचे दिसले. आज तो तिथूनही ओसरतो आहे, म्हणूनच ताईंना तो वयस्कर रुग्णांच्या तोंडी अधिक ऐकू येतो. र गेला तो लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधून, आणि पुढे तिथल्याच बोलीला प्रतिष्ठा मिळाली.

आता आळसाविषयी. आपला मराठी र उच्चारताना जिभेचे टोक टाळूपाशी आपटते, म्हणून तो गळला तर आपल्याला भोक पडल्यासारखे वाटते. इंग्रजीत स्वरानंतर येणारा र हळूहळू असा झाला होता की जीभ कुठेच टेकत नव्हती. ती नुसती वर उचलली जाई. असा र जवळजवळ स्वरच असतो आणि तो मागच्या स्वरात मिसळायला फारसा वेळ लागत नाही. बेन जॉन्सनच्या 1640 साली छापलेल्या इंग्रजी व्याकरणात शब्दारंभीचा र ठाम आणि मधला व शेवटचा र अधिक पातळ असल्याची नोंद आहे. 1791 मध्ये जॉन वॉकर आपल्या उच्चारकोशात लिहितो की इंग्लंडमध्ये, विशेषतः लंडनमध्ये, ‘बार्ड’ आणि ‘कार्ड’ हे शब्द ‘बाऽड’, ‘काऽड’ असेच ऐकू येतात. म्हणजे पातळ होण्यापासून विरघळण्यापर्यंत किमान दीडशे वर्षे गेली.

मात्र विरघळताना र आपली जागा मागच्या स्वराला देऊन गेला. ‘कॅड’ आणि ‘कार्ड’ हे शब्द लंडनमध्ये आजही वेगळे ऐकू येतात, कारण र गेला तरी ‘कार्ड’मधला स्वर लांब झाला आणि तोंडात मागे सरकला. ‘बीड’ म्हणजे मणी आणि ‘बिअर्ड’ म्हणजे दाढी यांतला फरकही तसाच टिकला. ‘बिअर्ड’मध्ये र च्या जागी एक पुसट ‘अ’ उरला. अर्थ ओळखण्याचे काम व्यंजनाकडून स्वराकडे गेले. याला आळस म्हणायचे तर लंडनच्या माणसाला त्या बदल्यात अमेरिकनापेक्षा जास्त स्वर सांभाळावे लागतात, हेही सांगितले पाहिजे.

मंदार: हे मान्य, पण हिशेब पूर्ण मांडावा. लंडनमध्ये ‘सॉस’ आणि उगम या अर्थाचा ‘सोर्स’ एकसारखे ऐकू येतात, ‘फादर’ आणि ‘अधिक लांब’ या अर्थाचा ‘फार्दर’ही. अमेरिकेत या जोड्या वेगळ्या राहिल्या. जिथे भेद पुसला गेला तिथे भाषेचे नुकसान झाले असे मी म्हणेन, आणि अमेरिकन रूप मुळाशी अधिक जवळचे आहे हा माझा मुद्दा कायम राहतो.

वासुदेव: जोड्या तुम्ही बरोबर सांगितल्या आहेत आणि या एका बाबतीत अमेरिकन रूप जुने आहे हेही खरे. पण हाच न्याय सगळीकडे लावून पाहा. ‘फर्न’, ‘फर’ (झाड) आणि ‘फर’ (केसाळ कातडे) यांतले तीन स्वर जुन्या इंग्रजीत वेगळे होते आणि स्कॉटलंडच्या अनेक बोलींत ते आजही वेगळे आहेत. अमेरिकनांनी र राखला खरा, पण त्याच्या आधीचे हे तीन स्वर एक करून टाकले. दुसरे असे की शिवी या अर्थाचा अमेरिकन ‘कस’ हा ‘कर्स’ वरून आणि ‘बस्ट’ हा ‘बर्स्ट’ वरून आला आहे. स च्या आधीचा र गळण्याची ही चाल लंडनच्या बदलाहूनही जुनी आहे आणि ती अमेरिकेने सोबत नेली. कोणतीच बोली जशीच्या तशी उरलेली नाही.

र खरोखर कुठे गेला याचा एक सुंदर पुरावा लंडनच्याच बोलण्यात सापडतो. ‘फाऽ’ म्हणणारा माणूस ‘फार अवे’ म्हणताना र उच्चारतो, कारण पुढे स्वर आला. म्हणजे र शब्दातून हद्दपार झालेला नाही, तो पुढच्या स्वराची वाट पाहत थांबलेला आहे. मूल मात्र शब्दलेखन शिकण्याआधी कानाने भाषा शिकते. त्याच्या कानाला ‘फाऽ’ आणि ‘स्पाऽ’ सारखेच असतात, मग एकापुढे र येतो तर दुसऱ्यापुढे का नको? म्हणून ते ‘आयडिया ऑव्ह’ ऐवजी ‘आयडिअर ऑव्ह’ आणि ‘लॉ अँड ऑर्डर’ ऐवजी ‘लॉर अँड ऑर्डर’ म्हणू लागते. जिथे र कधीच नव्हता तिथेही तो आला. र न उच्चारणारी माणसे कधीकधी र जास्त उच्चारतात, ते यामुळे.

प्राजक्ता: हे फार छान उलगडले. पण प्रतिष्ठेच्या मुद्द्याला तुम्ही स्पर्श केला नाही.

वासुदेव: तो मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून सावकाश पाहतो. सुरुवात उच्चभ्रूंनी केली असे पुरावा सांगत नाही. कवी कीट्सने ‘थॉर्न्स’चे यमक ‘फॉन्स’शी जुळवले होते, आणि 1818 च्या सुमारास टीकाकार त्याच्या यमकांना ‘कॉकनी’ म्हणजे लंडनच्या खालच्या वस्तीतली म्हणून हिणवत होते. म्हणजे र गाळणे तेव्हा अप्रतिष्ठित समजले जात होते. प्रतिष्ठा नंतर चिकटली.

बंदरांचा सिद्धान्त मलाही पूर्वी पटत असे, पण फिलाडेल्फिया तिथे अडखळवते. तेही मोठे बंदर होते, लंडनशी त्याचा व्यापार होता, आणि तरीही तिथे र टिकला. पेनसिल्व्हेनियात उत्तर आयर्लंडमधून आलेले वसाहतवाले पुष्कळ होते, त्यांचा र भक्कम होता, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. संपर्क महत्त्वाचा की मूळ वसाहतीची माणसे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

प्रतिष्ठा काय करू शकते हे पाहायचे असेल तर न्यूयॉर्क पाहावे. तिथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकलेला माणूसही र गाळत असे. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या 1933 च्या भाषणातला भीतीविषयीचा प्रसिद्ध शब्द ‘फिअ’ असाच ऐकू येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर वारे फिरले आणि र उच्चारणे सुशिक्षितपणाची खूण ठरले. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी 1962 मध्ये तिथल्या तीन दुकानांत हे तपासले. साक्स महागडे, मेसीज मध्यम, एस. क्लाइन स्वस्त. त्यांनी अशा वस्तूचा विभाग विचारला की ज्याचे उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ म्हणजे चौथा मजला हेच येणार. मग ऐकू न आल्यासारखे करून पुन्हा विचारले, की तोच शब्द माणूस आता जपून उच्चारेल. 264 विक्रेत्यांपैकी थोडा तरी र उच्चारणारे साक्समध्ये 62 टक्के, मेसीजमध्ये 51 टक्के आणि क्लाइनमध्ये जेमतेम 20 टक्के निघाले. सगळे विक्रेतेच होते, पण ग्राहकाच्या दर्जाची सावली त्यांच्या जिभेवर पडली होती. मेसीजच्या लोकांनी दुसऱ्यांदा उत्तर देताना र विशेष वाढवला. आपण कसे बोललो पाहिजे याची जाणीव त्यांनाच सर्वांत बोचत होती.

दिनकर: माझा प्रश्न साधा आहे. माझ्या मुलीची इंग्रजीची तोंडी परीक्षा जवळ आली आहे. शिकवणीच्या बाई तिला र गाळायला सांगतात आणि ती ‘डॉक्टर’ला ‘डॉक्ट’ म्हणते. आम्हाला काहीच उमगत नाही. तिने र म्हणावा की नाही?

वासुदेव: दिनकरराव, तिने म्हणावा. भारतात र उच्चारणारे आणि न उच्चारणारे दोन्ही आहेत आणि दोन्ही समजतात. अडचण फक्त अर्धवट अनुकरणात आहे. ती र काढते पण त्याच्या जागी लंडनचा पुसट स्वर ठेवत नाही, म्हणून ‘डॉक्ट’ असा तुटका शब्द उरतो. हा स्वर कानाने पक्का होईपर्यंत र सोडू नये.

अनघा (ब्रिस्टल): मला एक शंका आहे. आपला ‘लाटसाहेब’ हा शब्द ‘लॉर्ड’वरून आला असे मानले जाते. त्यात र नाही. आपल्या लोकांनी तो इंग्रजाच्या तोंडून र शिवायच ऐकला होता, असे म्हणता येईल का?

प्राजक्ता: मग ‘ऑर्डर्ली’चा ‘अर्दली’ कसा झाला? त्यात र ठणठणीत आहे.

वासुदेव: दोन्ही उदाहरणे चांगली आहेत, आणि म्हणूनच एका शब्दावर मी निष्कर्ष काढणार नाही. कंपनीच्या फौजेत आयरिश आणि स्कॉटिश लोक पुष्कळ होते, त्यांचा र शाबूत होता. ‘अर्दली’ त्यांच्या तोंडून आणि ‘लाट’ लंडनवाल्याच्या तोंडून आला, अशी शक्यता आहे. पण ‘लाट’मधला र बोलणाऱ्याने गाळला की आपल्या ऐकणाऱ्याने, हे त्या शब्दाकडे पाहून ठरत नाही. कानाने उचललेले असे शब्द पुरेसे जमवून त्यांचा काळ लावता आला तर काही सांगता येईल. कुणाकडे आणखी असे जुने शब्द असतील तर इथे द्यावेत.

मंदार: ‘बॅरिस्टर’चा ‘बालिष्टर’ माझ्या आजोबांच्या बोलण्यात होता. त्यात शेवटचा र आहे, पण तो ऐकून आला की पाटीवर वाचून, हे मलाही सांगता येणार नाही. आळसाचा आरोप मी मागे घेतो. नुकसानाचा मात्र घेत नाही.