मदत हवी आहे: आईचा आयएनआर 1.9 वरून एकदम 6.3

मांजराकाठ
नमस्कार. आम्ही निलंगा तालुक्यातले. आई 57 वर्षांची. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. 2017 साली मायट्रलच्या जागी धातूची झडप बसवली. तेव्हापासून रोज रात्री रक्त पातळ ठेवायची गोळी, वॉरफेरिन 5 मिलिग्रॅम. रक्त किती उशिरा गोठतं ते दाखवणारा आकडा म्हणजे आयएनआर, तो फाइलवर 'आयएनआर 2.5 ते 3.5' असा लिहून दिलाय.

दिवाळीला 2.9 होता. मग हिवाळ्यात करडई, चाकवत, मेथी सुरू झाली. आमच्याकडं रोज कोणती ना कोणती भाजी असतेच. येळवसच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, पंधरा दिवस आधी तपासलं तर 1.9. डॉक्टरांनी गोळी 6 केली. येळवसला पालेभाज्या घातलेली भज्जी झाली, ती आई पुढं तीन दिवस खात होती. नंतर आठवड्यानं तिला जुलाब आणि ताप. गावातल्या डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या दिल्या, कमरेत एक इंजेक्शनही दिलं. पाच दिवस पेजेशिवाय काही नाही, म्हणायची "जेवणच जाईना". काल ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं म्हणून तपासलं तर 6.3. इंजेक्शनच्या जागी तळहाताएवढा काळानिळा डाग.

शहरातल्या डॉक्टरांनी फोनवर दोन रात्री गोळी बंद ठेवून परवा तपासायला सांगितलंय. पण इतका फरक पडतोच कसा? लॅब चुकली असेल का? आणि शेजारचा पोरगा म्हणतो आयएनआर 2 ते 3 पाहिजे, फाइलवरचा आकडाच चुकीचा आहे.

हिरवीमिरची
पालेभाज्या कायमच्या बंद करा. त्यात व्हिटॅमिन के असतं, ते गोळीच्या उलट काम करतं. माझ्या सासऱ्यांना कोथिंबीरसुद्धा बंद केली आम्ही.

ओपीडी_सोमवार
मी मेडिसिनमध्ये काम करते, सोमवारी आयएनआरचे पेशंट बघते. मिरचीताई, कारण बरोबर सांगितलंत, उपाय मात्र अर्धाच. पालेभाजी पूर्ण सोडली की शरीरात व्हिटॅमिन के इतकं कमी राहतं की एक दिवस लग्नात पालक खाल्ला तरी आकडा हलतो. आठवड्याला साधारण तेवढीच भाजी, हाच नियम. खाऊ द्या, पण खाण्यातला बदल डॉक्टरांच्या कानावर घाला.

मांजराकाठ, तुमच्या हकिकतीत भाजीपेक्षा मोठी गोष्ट पुढं आहे. यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं व्हिटॅमिन के वापरून तयार करतं. वापरलेलं के पुन्हा कामाला येतं, वॉरफेरिन ते परत येणंच अडवतं. हिवाळ्यात भाजीतून के भरपूर मिळालं, गोळी कमी पडली, 1.9 झाला. म्हणून डोस वाढला. आठवड्याचे 35 मिलिग्रॅम होते ते 42 झाले, म्हणजे 20 टक्के जास्त. ही वाढ वरच्या टोकाची आहे, पण धातूच्या झडपेवर 1.9 म्हणजे गुठळीची भीती, डॉक्टरांनी घाई का केली ते समजू शकते.

पण हा डोस भाजी खाणाऱ्या आईच्या हिशेबाचा होता. आठवड्यात भाजी थांबली, पेज सुरू झाली, जुलाबात थोडंफार के होतं तेही नीट शोषलं गेलं नाही. तापात ती प्रथिनं लवकर खर्ची पडतात. त्यावर मेट्रोनिडॅझोल आलं. यकृत वॉरफेरिन ज्या वेगानं संपवतं तो वेग हे औषध कमी करतं, म्हणजे तीच 6 ची गोळी जास्त जोरानं लागते. चारही गोष्टी एकाच दिशेनं ढकलत होत्या. 6.3 वाचून मला नवल वाटलं नाही.

शेजारच्या पोराचं म्हणणं हृदयाची लय बिघडलेल्यांसाठी किंवा पायातल्या गुठळीसाठी बरोबर आहे, तिथं 2 ते 3 असतो. मायट्रलच्या धातूच्या झडपेवर 2.5 ते 3.5 च, फाइल बरोबर आहे.

आज रात्री एवढंच बघा: शौच डांबरासारखं काळं, लघवी लाल, जोराची डोकेदुखी, डोक्यावर पडणं, यातलं काहीही झालं तर परवाची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्या. त्या डागावर शेकू नका, आणि पुढं कमरेत इंजेक्शन घेऊ नका. गावातल्या डॉक्टरांना आधीच सांगा की या गोळीवर आहे.

निवृत्त_लॅबवाला
लॅबचं विचारलंत म्हणून. निळ्या टोपणाच्या नळीत आधीच मोजून द्रव भरलेला असतो, रक्त खुणेपर्यंतच घ्यायचं असतं. रक्त कमी पडलं तर द्रव जास्त होतो, रक्त उशिरा गोठतं आणि आकडा खोटा वाढतो. शीर सापडायला त्रास झाला होता का?

बाकी, रिपोर्टवर 0.8 ते 1.2 असं 'नॉर्मल' छापलेलं असतं, ते गोळी न घेणाऱ्यांचं. आईचा 2.9 सुद्धा तिथं ठळक अक्षरात आला असेल. त्यानं घाबरू नका. आणि रक्त गोठायला लागलेल्या सेकंदांची तुलना दोन लॅबमध्ये करू नका. प्रत्येक लॅबचं रसायन वेगळं, त्यामुळं सेकंद वेगळे येतात. आयएनआर काढतातच यासाठी की रसायन बदललं तरी आकडा सारखा यावा. तरीसुद्धा शक्यतो एकाच लॅबला चिकटा.

मांजराकाठ
दोनदा टोचलं होतं. नळी किती भरली ते मी बघितलं नाही.

निवृत्त_लॅबवाला
मग 6.3 मधला थोडा भाग नळीचाही असू शकतो. पण हिरडीतून रक्त येत होतं, म्हणजे आकडा खरंच चढलेला होता. परवा नळी खुणेपर्यंत भरून घ्या.

सोयाबीन_आणि_साखर
आमच्या काकांना हृदयाची लय बिघडली म्हणून नवीन गोळी चालू आहे, त्यांना आयएनआर तपासावाच लागत नाही. तुम्ही तीच का घेत नाही? एवढी कटकट कशाला?

ओपीडी_सोमवार
काकांना ती योग्यच असेल. धातूच्या झडपेवर मात्र त्या गटातल्या डॅबिगॅट्रानची चाचणी 2012 मध्ये थांबवावी लागली, गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वॉरफेरिनपेक्षा जास्त दिसले. धातूची झडप असेल तर तिकडं वळू नका.

व्हॉल्व्हवाली_वहिनी
मला अॅओर्टिकची झडप आहे. मी अॅसेनोकुमॅरोल घेते. माझ्या गोळीचे 2 मिलिग्रॅम म्हणजे तुमच्या आईच्या वॉरफेरिनचे 2 नव्हेत, म्हणून नात्यातल्या कुणाची गोळी बघून आपली मोजू नका. आमच्याकडं एकदा मेडिकलवाल्यानं "एकच आहे" म्हणून बदलून दिली होती. मी एका वहीत तारीख, आकडा, डोस आणि 'त्या आठवड्यात काय खाल्लं, कोणती औषधं' एवढं लिहिते. ओपीडीत वही उघडली की डॉक्टर पहिलं तेच बघतात.

ताप आला की मी पॅरासिटामोल घेते, तेही सलग चार-पाच दिवस भरपूर घेतलं तर आकडा वर जातो, हे मला उशिरा कळलं. अंगदुखीच्या डायक्लोफेनॅकला तर हात लावत नाही.

मांजराकाठ (तीन दिवसांनी)
आज 3.9 आला. नळी मी उभा राहून भरून घेतली. हिरडीतून रक्त थांबलं, डाग पिवळा पडायला लागलाय. डॉक्टरांनी आजपासून पुन्हा 5 ची गोळी दिली, आठवड्यानं तपासायला सांगितलं. आई आता जेवायलीय, पण करडईची भाजी अजून आहे शेतात, तिच्या तोंडाला पाणी सुटलंय. रोज अर्धी वाटी ठेवू का?

ओपीडी_सोमवार
अर्धी वाटी ठेवा, रोज तेवढीच. मात्र 5 पुरेल की 5 आणि 6 आलटून पालटून लागेल, हे आठवड्यानंतरचाच आकडा सांगेल. मेट्रोनिडॅझोल बंद झालंय, त्यामुळं आकडा आपोआपही खाली येईल.

हिरवीमिरची
सासऱ्यांची कोथिंबीर उद्याच सुरू करू का मग?

ओपीडी_सोमवार
सुरू करा, पण त्यांच्या डॉक्टरांना सांगून. आणि आठ-दहा दिवसांनी आयएनआर तपासा.